प्रस्तावासोबतचा ई-मेल : आधी काय पाहावे?



प्रस्ताव तयार करण्याविषयी पुष्कळ सांगितले जाते. प्रपत्रे कोणती, ठराव कसा असावा, सहपत्रे किती जोडावीत यांच्या याद्या प्रत्येक कार्यालयात टांगलेल्या आढळतात. परंतु हा प्रस्ताव ज्या पत्रासोबत वरिष्ठ कार्यालयाकडे रवाना होतो, त्या पत्राचा विचार क्वचितच होतो. पूर्वी त्यास अग्रेषणपत्र म्हणत. आता बहुतेक ठिकाणी प्रस्ताव ई-मेलने आधी पोहोचतो आणि कागद मागून जातात. म्हणजे अग्रेषणपत्राची जागा ई-मेलच्या चार-आठ ओळींनी घेतली आहे. या ओळींत काय असावे, आणि विशेषतः वाचणाऱ्याने प्रथम काय पाहावे हे त्यांत कसे सांगावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा विषय हवेत राहू नये म्हणून धाराशिव जिल्ह्याच्या अगदी परिचयाचे एक प्रकरण घेऊ : उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याच्या टँकरसाठी ग्रामपंचायतीने पाठवायचा प्रस्ताव. 1972 चा दुष्काळ पाहिलेली माणसे या जिल्ह्यात अद्याप आहेत. 2012-13 आणि 2015-16 या वर्षांच्या आठवणी तर ताज्याच आहेत. 31 ऑक्टोबर 2023 रोजी राज्य शासनाने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हा त्यांत धाराशिव, वाशी आणि लोहारा हे तीन तालुके या जिल्ह्यातील होते. जिल्ह्याची बहुतांश भूमी बेसाल्ट खडकाची आहे. या खडकात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. साठा मुळातच थोडा, त्यामुळे विहिरीची पातळी उतरू लागली की ती झपाट्याने उतरते. म्हणूनच टँकरच्या प्रस्तावात आठ दिवसांचा विलंब ही केवळ कार्यालयीन बाब उरत नाही. तेवढे आठ दिवस गावातील बायाबापड्यांना डोक्यावर हंडे घेऊन शेतातल्या विहिरी धुंडाळाव्या लागतात.

वाचणारा काय शोधतो?

ई-मेल लिहिण्यापूर्वी तो कोणत्या परिस्थितीत वाचला जाणार आहे याची कल्पना असली पाहिजे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गटविकास अधिकाऱ्यांच्या टेबलावर एकाच गावाचा प्रस्ताव नसतो. विहीर अधिग्रहणाचे, विंधन विहिरींच्या दुरुस्तीचे, टँकरचे असे अनेक प्रस्ताव एकदम येतात. अधिकारी दौऱ्यावर असतात आणि ई-मेल प्रथम मोबाईलच्या लहान पडद्यावर उघडतात. तेथे त्यांना दिसते ते विषयाच्या ओळीतील पहिले काही शब्द आणि मजकुराच्या आरंभीच्या दोन ओळी. पंधरा-वीस पानांची सहपत्रे ते त्या क्षणी उघडणार नाहीत. ती केव्हा उघडायची, की संबंधित कर्मचाऱ्याकडे पाठवून द्यायची, एवढेच ते तेव्हा ठरवतात.

टँकरच्या बाबतीत अधिकाऱ्यांच्या मनात येणारे प्रश्नही जवळजवळ ठरलेले असतात. टंचाई निवारणाच्या कार्यपद्धतीत टँकर हा शेवटचा उपाय मानलेला आहे. त्याआधी नळ योजनेची विशेष दुरुस्ती, विंधन विहिरींची दुरुस्ती, तात्पुरती पूरक योजना, खाजगी विहिरीचे अधिग्रहण हे उपाय पाहावयाचे असतात. त्यामुळे पहिला प्रश्न असा की, गावात नळ योजना असताना टँकर कशासाठी? दुसरा प्रश्न असा की, विहीर अधिग्रहित केली असल्यास ती अपुरी का पडते? आणि तिसरा असा की, हे गाव टंचाई कृती आराखड्याच्या एप्रिल ते जून या टप्प्यात समाविष्ट आहे काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बहुधा प्रस्तावात असतात. परंतु ती निरनिराळ्या पानांवर विखुरलेली असतात. ती शोधण्याचे काम वाचणाऱ्यावर सोडले, तर तो शोधील तेव्हा शोधील. ई-मेलने हे काम आधीच करून ठेवावयाचे असते.

नेहमीचा मसुदा आणि त्याचा प्रवास

आता नमुन्यादाखल एक काल्पनिक गाव घेऊ. त्याचे नाव अमुकवाडी, तालुका भूम, असे धरून चालू. या गावाने 8 एप्रिल रोजी पाठविलेला ई-मेल नेहमीच्या पद्धतीने लिहिला, तर तो पुढीलप्रमाणे असतो :

> विषय : प्रस्ताव सादर करणेबाबत.
>
> महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, मौजे अमुकवाडी येथे पिण्याच्या पाण्याची तीव्र टंचाई निर्माण झालेली असून ग्रामस्थांचे अतोनात हाल होत आहेत. तरी ग्रामसभेच्या ठरावानुसार आवश्यक त्या कागदपत्रांसह प्रस्ताव सोबत जोडून सादर करण्यात येत आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.

या मसुद्यात व्याकरणाची चूक नाही, सौजन्याचीही उणीव नाही. परंतु विषयाच्या ओळीतून गावाचे नाव कळत नाही, प्रस्ताव टँकरचा की आणखी कशाचा हे कळत नाही. ‘तीव्र’ आणि ‘अतोनात’ ही विशेषणे त्या दिवशी आलेल्या प्रत्येक ई-मेलमध्ये आहेत, त्यामुळे त्यांनी काही वेगळे सांगितले जात नाही. आणि ‘योग्य ती कार्यवाही’ म्हणजे नेमकी कोणती, हे ठरविण्याचा भार वाचणाऱ्यावर पडतो.

अशा ई-मेलचे पुढे काय होते? तो संबंधित लिपिकाकडे जातो. लिपिक सहपत्रे एकेक करून तपासतो. ठरावात लोकसंख्या 1,650 आहे आणि 2011 च्या जनगणनेत ती 1,420 आहे, ही तफावत त्याच्या दृष्टीस पडते. तो रीतसर त्रुटी काढतो : ‘लोकसंख्येतील तफावतीचा खुलासा करावा.’ महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका कार्यालयांत कागदपत्रे सहा गठ्ठ्यांत ठेवण्याची पद्धत आहे. त्यांपैकी एक गठ्ठा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा, म्हणजे ज्यांत दुसऱ्या कोणाकडून उत्तर यावयाचे आहे त्यांचा असतो. त्रुटी निघाली की अमुकवाडीचे प्रकरण या गठ्ठ्यात जाते. कर्तव्यपालनातील विलंबास प्रतिबंध करणारा 2005 चा महाराष्ट्र अधिनियम सांगतो की, कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहू नये. परंतु येथे फाईल लिपिकाकडे अडलेली नसते. ती गावाच्या उत्तराची वाट पाहत असते. कोणीही हयगय केलेली नसते, आणि तरीही आठवडा निघून जातो.

आकडे काय सांगतात?

सुधारलेला मसुदा पाहण्यापूर्वी अमुकवाडीचा हिशेब समजून घेतला पाहिजे. कारण प्रथम काय दाखवावयाचे हे हिशेबातूनच ठरते.

टंचाईच्या काळात ग्रामीण भागात टँकरने पाणी देताना दरडोई दररोज 20 लिटर असा हिशेब धरला जातो. गावच्या घरयादीप्रमाणे आजची लोकसंख्या 1,650 असेल, तर रोजची गरज 33,000 लिटर होते. गावच्या नळ योजनेची विहीर 28 मार्चपासून कोरडी आहे. एक खाजगी विहीर अधिग्रहित केलेली आहे. तिचे पाणी मोजण्यासाठी ग्रामपंचायतीने साधी रीत वापरली : पंपाच्या पाण्याने 200 लिटरचे पिंप किती वेळात भरते ते पाहिले. ते एका मिनिटात भरले. मग विहीर उपसून तळ लागेपर्यंत पंप किती वेळ चालतो याची नोंद ठेवली. 1 एप्रिल रोजी तो 75 मिनिटे चालला, म्हणजे 15,000 लिटर पाणी मिळाले. 8 एप्रिल रोजी तो 45 मिनिटांतच बंद करावा लागला, म्हणजे पाणी 9,000 लिटरवर आले. दिवसातून एकदाच विहीर उपसता येते.

तेव्हा 33,000 मधून 9,000 वजा जाता तूट 24,000 लिटरची राहते. 12,000 लिटर क्षमतेच्या टँकरच्या दोन खेपांत ती भागते. आता हाच हिशेब जनगणनेच्या लोकसंख्येवर करून पाहू. 1,420 माणसांची गरज 28,400 लिटर. त्यातून 9,000 वजा जाता तूट 19,400 लिटर. एका खेपेने ती भागत नाही. म्हणजे येथेही दोन खेपाच लागतात. ज्या तफावतीवर त्रुटी निघणार होती, त्या तफावतीने निर्णयात काहीच फरक पडत नाही. ही गोष्ट प्रस्ताव तयार करणाऱ्याला दहा मिनिटांत कळू शकते. ती त्याने सांगितली नाही, तर वाचणाऱ्याला कळण्यास त्रुटीपत्र आणि त्याचे उत्तर एवढा प्रवास करावा लागतो.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. सात दिवसांत विहिरीचे पाणी 6,000 लिटरने घटले. ही घट अशीच चालू राहिली, तर 15 एप्रिलच्या सुमारास विहिरीतून जेमतेम 3,000 लिटर मिळतील. मग तूट 30,000 लिटरवर जाईल आणि दोन खेपा अपुऱ्या पडून तिसरी लागेल. विहीर अगदी याच गतीने उतरेल असे छातीठोकपणे सांगता येत नाही. दोन नोंदींवरून केलेला तो अंदाज आहे. परंतु पाहणी कोणत्या तारखेपूर्वी व्हावी हे सुचविण्यास तो पुरेसा आहे. प्रस्तावातील सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणून ठरावाकडे पाहण्याची रीत आहे. या प्रकरणात मात्र तो मान विहीर मोजणीच्या एका पानाला द्यावा लागतो.

सुधारलेला मसुदा

या विवेचनाच्या आधारे तोच ई-मेल असा लिहिता येईल :

> विषय : अमुकवाडी (ता. भूम) – टँकरच्या दोन खेपांची मागणी, संयुक्त पाहणी 11 एप्रिलपर्यंत व्हावी
>
> महोदय,
>
> मौजे अमुकवाडी येथे 12,000 लिटर क्षमतेच्या टँकरच्या दररोज दोन खेपा मंजूर होण्यासाठी प्रस्ताव सादर केला आहे. त्यासाठी गटविकास अधिकारी व तहसीलदार यांची संयुक्त पाहणी 11 एप्रिलपर्यंत व्हावी, अशी विनंती आहे.
>
> प्रथम सहपत्र 2 (विहीर मोजणी, एक पान) पाहावे. अधिग्रहित विहिरीचे पाणी 1 एप्रिल रोजी 15,000 लिटर होते, ते 8 एप्रिल रोजी 9,000 लिटर झाले आहे. हीच गती राहिल्यास 15 एप्रिलच्या सुमारास दोन खेपा अपुऱ्या पडतील.
>
> त्यानंतर सहपत्र 5 पाहावे. नळ योजनेची विहीर 28 मार्चपासून कोरडी असल्याने दुरुस्तीने प्रश्न सुटत नाही, याची माहिती त्यात आहे. गाव टंचाई आराखड्यात कोणत्या अनुक्रमांकावर आहे, तेही त्याच पानावर नमूद केले आहे.
>
> लोकसंख्येविषयी : ठरावातील 1,650 हा आकडा घरयादीचा आहे, 2011 च्या जनगणनेत तो 1,420 आहे. कोणताही आकडा धरला तरी खेपा दोनच लागतात. हिशेब सहपत्र 3 मध्ये आहे.
>
> टँकर भरण्याच्या उद्भवाचे अंतर 11 किलोमीटर आहे. उद्भवाच्या मालकाचे संमतिपत्र अद्याप मिळालेले नाही. ते 10 एप्रिलपर्यंत पाठविण्यात येईल. पाहणी त्यासाठी थांबू नये, ही विनंती.
>
> ग्रामपंचायत अधिकारी, अमुकवाडी

या मसुद्याचा एकेक भाग पाहिला असता त्यामागील विचार स्पष्ट होईल.

विषयाच्या ओळीत गावाचे नाव अगदी आरंभी आहे, कारण मोबाईलवर ओळीचा शेवट कापला जातो. ‘प्रस्ताव सादर करणेबाबत’ हे शब्द गाळले आहेत. ते गाळल्याने काहीही उणे झालेले नाही. पहिल्या परिच्छेदात केवळ दोन गोष्टी आहेत : काय हवे आणि केव्हापर्यंत हवे. येथे मंजुरीऐवजी पाहणीची तारीख मागितली आहे, याकडे लक्ष द्यावे. मंजुरी सक्षम अधिकाऱ्यांच्या हाती असते आणि ती पाहणीनंतरच मिळते. ई-मेल ज्यांना पाठविला, त्यांना लगेच करता येण्याजोगी गोष्ट पाहणी ही आहे. ज्याच्या हातात जे आहे, तेच त्याच्याकडे मागावे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या परिच्छेदांत वाचण्याचा क्रम दिला आहे. सहपत्रे पाच असली तरी ‘प्रथम पाहावे’ असे एकाच सहपत्राविषयी म्हटले आहे, आणि ते एका पानाचे आहे हेही सांगितले आहे. पाचही सहपत्रे महत्त्वाची आहेत असे लिहिले असते, तर काहीच न लिहिल्यासारखे झाले असते. शिवाय त्या पानावर काय आढळेल तेही एका वाक्यात दिले आहे. पान उघडण्यास सवड नसली, तरी अधिकाऱ्यांना मुख्य गोष्ट कळते; सवड असली, तर ती पडताळून पाहता येते.

उणीव आपणच सांगावी काय?

सर्वांत अधिक संकोच वाटतो तो चौथ्या आणि पाचव्या परिच्छेदांविषयी. आकड्यांतील तफावत आणि न मिळालेले संमतिपत्र या गोष्टी स्वतः होऊन कशाला दाखवायच्या, असे पुष्कळांना वाटते. तपासणाऱ्याच्या नजरेतून त्या सुटतील अशी आशाही असते. परंतु तपासणाऱ्याचे कामच ते असल्याने त्या सहसा सुटत नाहीत. त्याने त्या शोधून काढल्या म्हणजे त्याला दोन शंका येतात : एक त्या आकड्याविषयी आणि दुसरी उरलेल्या सर्व आकड्यांविषयी. त्याच गोष्टी ई-मेलमध्येच उघड सांगितल्या, तर पहिल्या शंकेचे उत्तर तेथेच मिळते आणि दुसरी शंका उद्भवतच नाही.

मात्र उणीव सांगण्याची एक रीत आहे. नुसते ‘संमतिपत्र जोडलेले नाही’ एवढे लिहिले, तर ती आयती त्रुटी होते. तिच्याबरोबर तीन गोष्टी सांगाव्या लागतात : काय नाही, ते केव्हा येईल, आणि ते नसताना कोणते काम पुढे चालू शकते. टँकर प्रत्यक्ष सुरू करण्यासाठी संमतिपत्र आवश्यक आहे, विहिरीच्या पाहणीसाठी नाही. एवढा खुलासा केला म्हणजे दोन्ही कामे एकामागून एक न होता बरोबरीने चालतात. त्याचबरोबर दिलेली तारीख पाळणे हे बंधन ठरते. 10 एप्रिलला संमतिपत्र मिळाले नाही, तर त्याच दिवशी तसे कळविले पाहिजे, आणि ते त्याच ई-मेलला उत्तर म्हणून कळविले पाहिजे. नवा ई-मेल पाठविल्यास दोन प्रकरणे निर्माण होतात आणि आधीचा मजकूर वाचणाऱ्यासमोर राहत नाही.

सहपत्रे पोहोचतात की नाही?

ई-मेलचा मजकूर कितीही नेटका असला, तरी सहपत्र उघडलेच नाही तर ‘प्रथम पाहावे’ या शब्दांना अर्थ उरत नाही. येथे तीन अडचणी वारंवार येतात.

पहिली अडचण सहपत्रांच्या नावांची. स्कॅनिंग यंत्राने दिलेले `Scan0047.pdf` असे नाव तसेच ठेवले, तर सहपत्र 2 कोणते हे कळत नाही. नावात क्रमांक आधी आणि विषय नंतर असावा :

```
1_Amukwadi_Tharav.pdf
2_Amukwadi_Vihir_Mojani.pdf
3_Amukwadi_Loksankhya.pdf
4_Amukwadi_Udbhav_Nakasha.pdf
5_Amukwadi_Yojana_Aarakhada.pdf
```

नावात गावही असावे, कारण सहपत्रे एकदा उतरवून घेतली की ती ई-मेलपासून सुटतात आणि दहा गावांची ‘ठराव’ नावाची दहा सहपत्रे एकाच ठिकाणी गोळा होतात.

दुसरी अडचण आकाराची. जीमेलसारख्या प्रचलित सेवेत एका ई-मेलची मर्यादा 25 एमबी आहे. परंतु सहपत्रे पाठविताना त्यांचे अक्षरांत रूपांतर होते आणि त्या क्रियेत त्यांचा आकार सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो. त्यामुळे एकूण सहपत्रे 18 एमबीच्या आत असली तरच ती निर्धास्तपणे जातात. प्रत्येक पान रंगीत स्कॅन केले की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. ठराव आणि तक्ते कृष्णधवल स्कॅन करावेत. रंग फक्त छायाचित्रांना ठेवावा. आकारामुळे परत आलेल्या ई-मेलची सूचना पाठविणाऱ्याच्याच पेटीत इंग्रजीत येऊन पडते आणि अनेकदा ती जाहिरात समजून दुर्लक्षिली जाते. पाठविल्यानंतर पाच मिनिटांनी आपली पेटी पुन्हा उघडून पाहणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

तिसरी अडचण अक्षरांची. कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला मजकूर ई-मेलमध्ये चिकटविला, तर समोरच्यास देवनागरीऐवजी रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. पाठविणाऱ्याच्या संगणकावर फॉन्ट असल्याने त्याला स्वतःला दोष दिसत नाही. ई-मेलचा मजकूर युनिकोडमध्ये लिहावा आणि एकदा तो स्वतःच्या मोबाईलवर पाठवून पाहावा. तेथे नीट दिसला, तर बहुधा सर्वत्र नीट दिसेल.

याच अनुषंगाने या जिल्ह्यापुरती एक सूचना. 2023 मध्ये जिल्ह्याचे नाव उस्मानाबादऐवजी धाराशिव झाले. नळ योजनांची जुनी कागदपत्रे अर्थातच आधीच्या नावाने आहेत. संगणकावर शोध घेताना एका नावाने शोधलेले दुसऱ्या नावाचे कागद दाखवीत नाही. म्हणून जुन्या योजनेचा संदर्भ द्यावयाचा असेल तेथे ‘धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद)’ असे एकदा लिहावे.

ई-मेलची मर्यादा

या ई-मेलने काय होत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. निर्णय घेतला जातो तो प्रस्तावाच्या आणि पाहणीच्या आधारे, ई-मेलच्या आधारे नव्हे. म्हणून सहपत्रांत नसलेली एकही माहिती ई-मेलमध्ये असू नये. ई-मेलमध्ये 9,000 लिटर आणि मोजणीच्या पानावर 9,500 लिटर असे झाले, तर सोय होण्याऐवजी नवीच त्रुटी निर्माण होते. यासाठी ई-मेल सर्वांत शेवटी लिहावा, आणि त्यातील प्रत्येक आकडा सहपत्र उघडून त्याच्याशी ताडून पाहावा. अमुकवाडीच्या मसुद्यात असे आकडे आणि तारखा मिळून दहा-बाराच आहेत. त्यांना पाव तास पुरतो.

मसुदा साधला की नाही याची परीक्षाही सोपी आहे. ज्याने प्रस्ताव पाहिलेला नाही अशा एखाद्या सदस्याला किंवा शिक्षकाला फक्त ई-मेल वाचावयास द्यावा आणि विचारावे : काय मागितले आहे, केव्हापर्यंत, आणि आधी कोणते पान उघडायचे? तिन्ही उत्तरे एका वाचनात मिळाली नाहीत, तर दोष वाचणाऱ्याचा मानू नये.

वरिष्ठांनी थोडक्यात मागणे आणि कनिष्ठांनी विस्ताराने देणे हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. 9 ऑगस्ट 1940 रोजी, ब्रिटनवर विमानहल्ले सुरू असताना, पंतप्रधान चर्चिल यांनी आपल्या मंत्रिमंडळासाठी एक छोटे टिपण काढले होते. मुख्य मुद्दे लहान परिच्छेदांत मांडावेत आणि सविस्तर पृथक्करण किंवा आकडेवारी परिशिष्टात द्यावी, असा त्याचा आशय होता. त्यांना विस्तृत माहिती नको होती असे नव्हे. ती कोठे शोधावी हे त्यांना आधी कळावयास हवे होते.

शिक्षक बंधुभगिनींना हेच सूत्र शाळेच्या प्रस्तावासाठी वापरता येईल. धोकादायक वर्गखोलीच्या निर्लेखनाचा आणि नव्या खोलीचा प्रस्ताव पाठविताना इमारतीचा इतिहास, ठराव, पटसंख्या, छायाचित्रे असे सर्व काही जोडले जाते. परंतु त्या खोलीतील मुले आज कोठे बसतात आणि पावसाळा सुरू झाल्यावर कोठे बसणार, हा प्रश्न अधिकारी प्रथम विचारतील. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाची झळ सोसलेल्या उमरगा आणि लोहारा या तालुक्यांत तर इमारत भूकंपापूर्वीची की नंतरची, हेही लगेच विचारले जाईल. ही उत्तरे ज्या पानावर असतील, त्या पानाचा क्रमांक ई-मेलच्या दुसऱ्या परिच्छेदात यावा. वर्गखोलीची आणि टँकरची प्रपत्रे वेगळी, सहपत्रे वेगळी. वाचणाऱ्याचा पहिला प्रश्न ओळखून त्याच्या उत्तराचे पान पुढे करण्याची रीत मात्र एकच आहे.

ग्रामपंचायतीतील कामाची वाटणीही या दृष्टीने करता येते. 2024 पासून ग्रामपंचायत अधिकारी या पदनामाने ओळखला जाणारा, परंतु गाव अजून ग्रामसेवक म्हणूनच ज्याला हाक मारते, तो कर्मचारी प्रस्ताव तयार करतो. विहिरीची मोजणी सदस्यांनी करावी आणि तिची नोंद आठवड्यातून एकदा तारखेसह ठेवावी. अमुकवाडीच्या ई-मेलला वजन आले ते 1 एप्रिलच्या नोंदीमुळे. ती नोंद नसती, तर 8 एप्रिलचा 9,000 हा आकडा एकटा पडला असता आणि पाणी किती वेगाने उतरत आहे हे सांगताच आले नसते. तेव्हा मार्च उजाडताच 200 लिटरचे पिंप, एक घड्याळ आणि एक वही विहिरीवर पोहोचली पाहिजे. ई-मेलमध्ये प्रथम पाहण्यास सांगावयाचे पान तेथेच तयार होते.